डांबरगोळीचा वास: आधी वारा, मग पाणी

थंडी पडायला लागली, की आपल्या घराघरांत पत्र्याच्या पेट्या उघडतात. स्वेटर, शाली, मफलर, बाळाची लोकरीची कुंची आणि टोपडं बाहेर निघतं, आणि त्याबरोबर खोलीभर डांबरगोळीचा वास सुटतो. कसर लागू नये म्हणून उन्हाळ्याआधी आपणच त्या गोळ्या टाकलेल्या असतात. आज बोलू या ते हा वास लोकरीचं नुकसान न करता कसा काढायचा, आणि लहान बाळ असलेल्या घरात तो का काढलाच पाहिजे, याबद्दल.

पेटीत टाकलेली गोळी दहा महिन्यांनी वाटाण्याएवढी उरते किंवा दिसतही नाही. मग ती गेली कुठे? ती विरघळत नाही, वितळतही नाही. तिची हळूहळू हवा होते आणि ती हवा बंद पेटीत लोकरीच्या धाग्याधाग्यांत जाऊन बसते. म्हणजे कपड्याला येणारा वास हा नुसता वास नाही, ती गोळीच आहे. आता ती धाग्यांत आहे, एवढंच.

आपण बहुतेक जणी वास आला की कपडा लगेच धुवायला टाकतो. पण डांबरगोळी पाण्यात विरघळत नाही. एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी ती तशीच दिसेल. म्हणून चार वेळा धुतलं तरी स्वेटर वाळल्यावर वास परत येतो. मग काही जणी कढत पाणी आणि कपड्याची कडक पावडर वापरतात. त्यानं वास थोडा कमी होतो, पण लोकर आटते, घट्ट होते आणि मोठ्या माणसाचा स्वेटर पोराला बसेल एवढा होऊन बसतो. वरून अत्तर किंवा पावडर लावल्यानं वास झाकतो, जात मात्र नाही. गरम इस्त्री फिरवली तर धाग्यातली डांबरगोळी वाफेसारखी थेट आपल्या नाकातोंडात येते.

जी वस्तू हवा होऊन कपड्यात शिरली, ती हवेनंच बाहेर काढायची. वारा आणि ऊब ही दोन औषधं. पाणी नंतर.

समजा, एका घरात लेक बाळंतपणाला आली आहे. बाळ आठ दिवसांचं आहे आणि पेटीतून त्याच्यासाठी कुंची, स्वेटर आणि मोजे काढले आहेत. सगळ्यात आधी खिसे, घड्या, मोज्यांची टोकं झटकून गोळ्यांचे तुकडे काढायचे. ते एका पिशवीत घट्ट बांधून पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे कचऱ्यात टाकायचे. चुलीत जाळायचे नाहीत आणि विहिरीजवळ फेकायचे नाहीत. मग कपडे उलटे करून, म्हणजे आतली बाजू बाहेर घेऊन, वाऱ्याच्या जागी दोरीवर पसरायचे. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास चालतं, कारण उबेनं डांबरगोळी लवकर उडते. दुपारच्या कडक उन्हात रंग उडतो, म्हणून तेव्हा सावलीत घ्यायचे. दिवसातून दोनदा झटकून बाजू बदलायची. संध्याकाळी दव पडायच्या आत ते ओसरीत आणायचे. बाळंतिणीच्या खोलीत रात्री ठेवायचे नाहीत, नाहीतर दिवसभर बाहेर घालवलेला वास रात्री त्या बंद खोलीत भरतो. बारीक विणीच्या कपड्यांना असे चार-पाच दिवस लागतात, जाड स्वेटरला आठवडा किंवा जास्तही.

मग धुणं. दहा-बारा रिठ्यांची टरफलं रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या आणि अर्ध्या बादली कोमट पाण्यात घाला. कोमट म्हणजे हाताला जेमतेम उबदार. कपडा दहा मिनिटं बुडवून हातानं दाबत धुवा. धोपटू नका, घासू नका, पिळू नका. शेवटच्या पाण्यात, बादलीला अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घातला तरी चालतो. त्यानं साबणाचा अंश निघतो आणि लोकर मऊ राहते. पण व्हिनेगरनं डांबरगोळी निघते असं समजू नका, ते काम वाऱ्याचं. कपडा जुन्या धोतरात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि बाजेवर सुती कापड अंथरून आडवा वाळवा. दोरीवर ओला टांगला तर तो लोंबून लांब होतो.

हातमागावरची जुनी घोंगडी असेल तर ती धुऊ नका. तिला चिंचोक्याची खळ असते, पाण्यानं ती निघून जाते आणि घोंगडीचा ताठपणा जातो. घोंगडी नुसती झटकून वाऱ्यावर जास्त दिवस ठेवा.

वास गेला की नाही, हे आपल्या नाकाला कळत नाही, कारण रोज घेऊन नाक सरावतं. म्हणून कपडा एका स्वच्छ स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावा. डबा अर्धा तास उन्हात ठेवा आणि शेजारणीला उघडून वास घ्यायला सांगा. तिला वास आला तर अजून तीन दिवस वारा द्या.

एवढी काळजी का, ते सांगते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मापासून कमी असतो. मुलग्यांत हे जास्त दिसतं आणि बाहेरून ओळखता येत नाही. अशा बाळाच्या अंगात डांबरगोळी गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ती श्वासातून जाते, कातडीतूनही जाते, आणि अंगाला तेल लावलेलं असेल तर जास्त जाते. आपल्याकडे तर बाळाला तेलानं चोळून न्हाऊ घालायचं आणि लगेच कुंचीत गुंडाळायचं, ही रीतच आहे. म्हणून डब्याच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय लोकरीचा कपडा बाळाला घालू नका. तोवर धुतलेल्या मऊ सुती लुगड्याच्या दोन-तीन घड्या पुरतात.

कपडा आधीच घातला असेल आणि बाळाचे डोळे किंवा अंग पिवळं दिसलं, लघवी चहासारखी गडद झाली, बाळ पांढरंफटक पडलं किंवा दूध ओढेना, तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि डांबरगोळीचे कपडे घातले होते, हे डॉक्टरांना सांगा. रांगत्या पोरानं गोळी गोड समजून गिळली, तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, गोळीचं पाकीट घेऊन दवाखाना गाठा.

पेटीचंही बघा. कपडे स्वच्छ केले आणि त्याच पेटीत ठेवले तर वास परत लागतो. पेटी साबणानं पुसून, झाकण उघडं ठेवून आठ दिवस उन्हात तापवा. पुढच्या वर्षी गोळीऐवजी हे करा: कसरीच्या अळीला घामाचे आणि खरकट्याचे डाग लागलेली लोकर आवडते, म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीत घट्ट बांधून ठेवा. सोबत कडुलिंबाचा सुकलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत ठेवा. पाल्यानं कसर मरत नाही, दूर राहायला थोडी मदत होते. म्हणून दर दोन महिन्यांनी गाठोडं उघडून झटका आणि तासभर ऊन दाखवा. झटकताना भुश्यासारखी बारीक घाण किंवा बारीक भोकं दिसली, तर तो कपडा लगेच वेगळा काढा.