‘मिळालं?’ : न बोललेला ‘तू’ कुठे असतो?

(आजरा येथील भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲपवरची छोटी वाक्यं मराठीत आणणं हा माझ्या कामाचा एक भाग. ‘कमिंग?’, ‘सीन धिस?’, ‘गॉट इट?’ हे इंग्रजी प्रश्न कुणालाही, कशाबद्दलही चालतात. मराठीत मात्र ‘तू’ गाळला तरी क्रियापद बरंच बोलून जातं.

‘येतोस?’ घ्या. यातल्या ‘तो’वरून समोर पुरुष आहे हे कळतं, आणि ‘स’वरून तो ‘तू’ आहे हे. बाई असेल तर ‘येतेस?’ होतं. आता ‘पाहिलीस?’ घ्या. शेवटचा ‘स’ तोच, पण ‘ली’ माणसाची नाही, वस्तूची आहे. चिठ्ठी पाहिलीस, फोटो पाहिलास, पत्र पाहिलंस. पाहणारा भाऊ की बहीण, हे इथे कळत नाही. हिंदीत नुसतं ‘देखी?’ म्हटलं की वस्तू कळते, पण ‘तू’ची खूण नसते. मराठी ती ‘स’मध्ये ठेवते.

खरी गंमत ‘मिळणे’त आहे. समजा, घनसाळ तांदळाची पिशवी कुणाकडे पोचवली आणि फोनवर विचारलं, ‘मिळाली?’ ही ‘ली’ पिशवीची. ज्याला मिळाली तो ‘तुला’ पूर्ण गाळलेला आहे आणि क्रियापदावर त्याची खूणही नाही. आपण प्रश्न विचारतोय म्हणून तो ऐकणारा, एवढंच. पलीकडून ‘मिळाली’ असंच उत्तर आलं, की त्याच शब्दात आता ‘मला’ भरला जातो.

‘पाहिलीस’ला ‘स’ लागतो म्हणून प्रोग्रामने इथेही तो लावला, तर ‘मिळालीस?’ तयार होईल. त्याचा अर्थ पिशवी नव्हे, बाईच सापडली असा! मिळणाऱ्याला ‘ला’ लागतो, म्हणून ‘स’ त्याच्याकडे जात नाही. ‘समजलं?’, ‘कळलं?’, ‘आवडलं?’ यांचंही तसंच. ओळखायची युक्ती सोपी आहे. गाळलेला शब्द परत ठेवून बघा. ‘तू’ बसला तर ‘स’ चालेल, ‘तुला’ बसला तर नाही.

मग ॲपवर लिहायचं काय? वाचणारा पुरुष की बाई हे माहीत नसताना ‘येतोस?’ लिहिलं, तर निम्म्या वाचकांना तो प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखा वाटेल. ‘येता का?’ लिहिलं की पुरुष-बाई हा भेद उरत नाही आणि मानही राहतो. (आपल्या कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, म्हणजे उत्तरातल्या ‘तो’वरही विसंबता येत नाही.) ‘येणार का?’ त्याहून मोकळं, कारण त्यात लिंग नाही, वचन नाही, ‘तू’ही नाही. पण ते इतकं मोकळं आहे की ‘भाभी, येणार का?’ हा प्रश्न भाभींना असतो आणि ‘भाभी येणार का?’ हा त्यांच्याबद्दल दुसऱ्याला. बोलताना आपण मध्ये थांबतो, त्यामुळे फरक कळतो. स्क्रीनवर तो स्वल्पविराम प्रोग्रामरलाच टाकावा लागतो.