आधी खुबे, मग खांदे

शेजारच्या सांगलीच्या स्मृती मानधनाला चेंडू उचलून मारताना तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. अंगानं काही ती पैलवान नाही, तरी चेंडू सीमेपार जातो. हे बळ नुसत्या दंडाचं नसतं. त्यातलं बरंचसं धडाच्या पिळातून येतं.

ओलं नऊवारी दोघी मिळून पिळतो, ते आठवा. एकीनं टोक घट्ट धरलं आणि दुसरीनं फिरवलं, तरच पीळ बसतो. दोघींनी एकाच बाजूला फिरवलं, तर लुगडं नुसतंच गोल फिरतं. फलंदाजाच्या अंगात खुबे म्हणजे फिरवणारी बाई आणि खांदे म्हणजे धरून ठेवणारी.

स्मृती डावखुरी, म्हणून तिचा उजवा पाय पुढे पडतो. पाय टेकताना खुबे गोलंदाजाकडे वळू लागतात, पण बॅट मागे असते आणि खांदे अजून आडवेच असतात. त्या क्षणी बरगड्यांपासून ओटीपोटाकडे तिरके उतरणारे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू रबरासारखा परत ओढतो. मग खांदे झपकन फिरतात, त्यांच्यामागून हात आणि शेवटी मनगट. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात लांब फटके मोजले, तेव्हा खुबे-खांद्यांतला हा फरक जास्त असणाऱ्यांची बॅट जास्त वेगानं फिरताना दिसली. पुढच्या हाताचं कोपर सरळ होणं आणि मनगट सुटणं, हेही त्यात महत्त्वाचं ठरलं.

मात्र हा ताण साठवून ठेवता येत नाही. बॅट मागे नेऊन थांबलात, तर तो क्षणात विरतो. शिवाय जमिनीलगतच्या ड्राइव्हला एवढा पीळ लागत नाही. तिथं डोकं आणि पुढचा खांदा चेंडूवर नेणं महत्त्वाचं.

तुमची मुलगी खेळत असेल, तर गोलंदाजाच्या बाजूनं, जाळीमागून मोबाईलवर तिचा फटका घ्या आणि सावकाश चालवून बघा. पँटचा नाडा आणि छातीवरची बटणं, दोन्हींकडे लक्ष ठेवा. नाडा आधी वळला आणि बटणं मागून आली, तर पीळ बसला. दोन्ही एकदम वळली, तर ती नुसत्या हातांनी मारते आहे.

एक सांभाळा. कमरेचे खालचे मणके फारच थोडे वळतात. वळायचं काम खुब्याच्या सांध्याचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. खुबे आखडलेले असले, तर सगळा भार कमरेवर येतो. फटक्यानंतर कमरेत एकाच बाजूला दुखू लागलं, तर जोर वाढवू नका. सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.