महिनाभराच्या पोस्ट एका रविवारात
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा मजकूर)



मागच्या बैठकीत दुकान चालवणाऱ्या तिघी-चौघींनी एकच गोष्ट विचारली होती. स्टेटस आणि फेसबुक पेज दोन्ही आहे, पण रोज काय टाकायचं ते सुचत नाही आणि सुचलं तर वेळ नसतो. आज तेवढ्यावरच बोलू. आपल्याच एका गटातल्या ताईंनी हे कसं बसवलं ते सांगते. नाव घालू नका म्हणाल्या, म्हणून त्यांना दुकानवाल्या ताई म्हणू.

त्यांचं दुकान तहसील कचेरीच्या समोरच्या गाळ्यात आहे. कांदा-लसूण मसाला, पापड, कुरडया, शेवया, बटाट्याचे वेफर्स. गिऱ्हाईक बहुतेक कचेरीतलं आणि कचेरीत कामाला येणारं. 29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, तेव्हापासून शनिवार-रविवार त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्यामुळे ताईही दोन दिवस गाळा बंद ठेवतात. शनिवारी मसाला कुटणं आणि पॅकिंग, रविवार मोकळा. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी दहा ते सायंकाळी साडेसहा काउंटर सोडता येत नाही. मग व्हायचं काय, तर एकोणीस दिवस स्टेटस कोरं आणि विसाव्या दिवशी एकदम नऊ फोटो. नऊ फोटो कुणी बघत नाही हो. दोन बघून माणूस पुढे सरकतो.

आता त्या महिन्यातून एकच रविवार बसतात, आदल्या महिन्याचा शेवटचा. एप्रिलची बैठक त्यांनी कशी केली ते सांगते, कारण एप्रिल म्हणजे मसाल्याचा आणि वाळवणाचा हंगाम.

सुरुवात फोनपासून नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून. एप्रिलमध्ये कचेरी कोणत्या दिवशी बंद, ते आधी लाल पेनाने खुणावलं. 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. त्या दिवशी ‘आज दुकानात या’ अशी पोस्ट गेली तर माणूस येऊन कुलूप बघून जाईल. मग आजूबाजूच्या गावांच्या जत्रा लिहिल्या. जत्रेला पाहुणे येतात, घरोघरी मसाला लागतो, पण तो जत्रेच्या आठ दिवस आधी लागतो. म्हणून मसाल्याची पोस्ट जत्रेच्या आदल्या आठवड्यात बसवली.

आठवड्याला तीन पोस्ट, महिन्याच्या बारा. त्याहून जास्त करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा निभतात, तीस निभत नाहीत. वारही विचार करून घेतलेत. कचेरीतली बरीच माणसं शुक्रवारी सायंकाळी गावी जातात आणि जाताना सामान नेतात. म्हणून मागणी घेणारी पोस्ट बुधवारी. गुरुवारी दुपारपर्यंत मागणी सांगायची, शुक्रवारी पुडी तयार. सोमवारी वस्तूची माहिती: मसाल्यात काय काय पडतं, कुरडई तळताना तेल किती तापलेलं हवं. शुक्रवारी हलकं काहीतरी, जसं मसाला घातलेल्या आमटीचा फोटो.

आता मुख्य गोष्ट, इथे जरा लक्ष द्या. या बारा पोस्ट एकसारख्या नाहीत. सोमवार आणि शुक्रवारच्या आठ पोस्ट पक्क्या. कुरडई कशी तळायची हे महिनाभरात बदलत नाही, म्हणून त्या पूर्ण करून ठेवता येतात. बुधवारच्या चार मात्र अर्ध्या कच्च्या ठेवायच्या. त्यात दर आणि शिल्लक माल येतो, आणि या दोन गोष्टी महिना आधी कुणालाच माहीत नसतात. मिरचीचा भाव हलला की मसाल्याचा दर हलतो. म्हणून फोटो तयार, मजकूर तयार, फक्त दर आणि किती किलो आहे ती जागा मोकळी. मंगळवारी रात्री डबे बघून ती भरायची. पाच मिनिटांचं काम आहे.

हे त्यांना कसं कळलं तेही सांगते. पहिल्याच महिन्यात त्यांनी बाराच्या बारा पोस्ट पक्क्या करून फेसबुकवर वेळ लावून ठेवल्या होत्या. मधल्या आठवड्यात अवकाळी आला. गच्चीवरच्या कुरडया भिजल्या, काळ्या पडल्या, टाकून द्याव्या लागल्या. आणि बुधवारी सकाळी पोस्ट आपोआप गेली, ‘ताज्या कुरडया तयार आहेत’. सात जणांनी मागणी सांगितली. सातही जणांना फोन करून नाही म्हणावं लागलं, त्यातल्या दोघी पुन्हा मागायला आल्या नाहीत. पोस्ट न टाकल्याने गिऱ्हाईक तुटत नाही, पण शब्द मोडला की तुटतं.

आणि एक, दर फोटोवर लिहू नका. फोटोवर लिहिलेला दर बदलता येत नाही आणि तो फोटो पुढे ग्रुपवर फिरत राहतो. सहा महिन्यांनी कुणीतरी तोच फोटो दाखवून जुना दर मागतं. दर मजकुरात लिहा. पण लिहा मात्र. ‘दरासाठी फोन करा’ एवढंच लिहिलं की निम्मी माणसं फोन करत नाहीत.

आता प्रत्यक्ष बसणं.

फोटो आधी, कारण ऊन थांबत नाही. सकाळी साडेआठ ते दहा, घराच्या दारात, सावलीत, पण उजेड येईल असं. कडक उन्हात लाल मसाला भगवा दिसतो आणि घरातल्या बल्बखाली काळपट. पदराच्या टोकाने फोनच्या मागची काच आधी पुसून घ्या. हाताचं तेल लागलेलं असतं, त्याने फोटो धुरकट येतो आणि आपण फोनला दोष देतो. पांढरी कुरडई पांढऱ्या ताटात ठेवली तर दिसतच नाही. ती गडद निळ्या साडीवर किंवा तांब्याच्या परातीत ठेवा. फोनच्या पडद्यावर वस्तूवर बोट टेकवा. उजेड जास्त वाटला तर बऱ्याच फोनमध्ये तिथेच बोट खाली ओढून तो कमी करता येतो.

एका वस्तूचे सगळे फोटो एकदमच काढा: बंद पुडी, ताटात मोकळी, हातात धरलेली, शिजवलेली. पाच वस्तूंचे चार-चार म्हणजे वीस फोटो, त्यातले बारा निवडायचे. फोन उभा धरा, स्टेटसला उभाच फोटो बसतो. पुडीच्या मागच्या बाजूचाही एक फोटो घ्या. आपला चौदा आकडी एफएसएसएआय नोंदणी क्रमांक तिथे असतो, आणि कचेरीतलं गिऱ्हाईक तो बघतं बरं का. कुटतानाचा, चाळतानाचा फोटो रविवारी मिळणार नाही. तो शनिवारी काम चालू असतानाच कुणाला तरी काढायला सांगा.

मग चहा. मग लिहिणं, तेही एकदमच. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांनी कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोला. समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समजून बोलायचं. ताईंची एक बुधवारची पोस्ट वाचून दाखवते: ‘कांदा-लसूण मसाला, शनिवारी कुटलेला. पाव किलो आणि अर्धा किलो पुडी. पाव किलो ___ रुपये. या आठवड्यात ___ किलोच आहे. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत सांगा, शुक्रवारी तहसीलसमोर घेऊन जा.’ बस, एवढंच. ‘चविष्ट, रुचकर, अस्सल’ हे शब्द सगळेच लिहितात, त्यांनी मागणी येत नाही. शनिवारी कुटलेला हे वाचून येते.

दुपारी तिसरं काम, वेळ लावून ठेवणं. फेसबुकवर ही सोय पेजला आहे, म्हणून आधी दुकानाचं पेज हवं. `Meta Business Suite` हे ॲप घ्या, त्यात पेज उघडा, फोटो आणि मजकूर टाका आणि लगेच न पाठवता `Schedule` निवडून तारीख-वेळ द्या. एकदा लावलं की त्या वेळी तुमचा फोन बंद असला तरी पोस्ट जाते. आठ पक्क्या पोस्ट अशा लावायच्या. बुधवारच्या चार इथे लावायच्याच नाहीत, त्या मंगळवारी रात्री लावायच्या. लावून झालं की `Planner` उघडून तारखा कॅलेंडरशी ताडून बघा. सकाळच्या आठच्या जागी रात्रीचे आठ लागणं ही नेहमीची गडबड आहे.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसचं तसं नाही, ते हाताने टाकावं लागतं आणि 24 तासांत जातं. त्यासाठी ताईंनी गॅलरीत ‘एप्रिल’ नावाचा अल्बम केला आणि बारा मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवले, 1 ते 12 क्रमांक घालून. सकाळी चूल पेटवायच्या आधी क्रमांक बघायचा, फोटो घ्यायचा, मजकूर चिकटवायचा. दोन मिनिटं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो निरोप जातो. म्हणून पैसे घेतानाच सांगा, ‘साहेब, नंबर सेव्ह करा’.

लावलेल्या पोस्ट थांबवायच्या कशा, हे लावायच्या आधी शिकून घ्या. गल्लीत कुणाचं निधन झालं आणि आपल्या पेजवर वेफर्सची पोस्ट झळकली, तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण मनात धरतील. `Planner` मध्ये त्या पोस्टवर बोट ठेवून तारीख पुढे ढकलता येते. घरात आणखी एकीला तरी हे येऊ द्या.

आणि वही. कोणत्या पोस्टनंतर किती जणांनी विचारलं आणि किती जणांनी घेतलं, दोनच रकाने. ताईंच्या वहीत एप्रिलअखेर असं निघालं की सजवलेल्या ताटाच्या फोटोला अंगठे बरेच आले, पण मागणी जास्त आली ती मसाला कुटतानाच्या साध्या फोटोवर. मेच्या बैठकीत त्यांनी ताटाचे दोन फोटो काढून टाकले आणि शनिवारच्या कामाचे दोन वाढवले.

पुढच्या बैठकीला ज्यांचं दुकान आहे त्यांनी फोन चार्ज करून, एक कॅलेंडर आणि विकायच्या दोन वस्तू घेऊन सकाळी साडेआठलाच या. दारातला उजेड दहानंतर मिळत नाही, आणि मागच्या वेळेसारखं अकराला जमलो तर फोटो राहतील.