बालपणावरचा लेख तपासताना

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागवले की बालपणाच्या आठवणी सर्वांत जास्त येतात. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून आलेले असे लेख वाचताना मी आधी पेन्सिल घेतो आणि क्रियापदांखाली रेघा ओढत जातो. लेख किती भिडला, ते नंतर बघू.

नमुना म्हणून असा परिच्छेद धरा: सुट्टीत आम्ही धारवाडला आजीकडे जायचो. झिमझिम पाऊस असायचा. आजी भाकरी करायची, आम्ही लाइन बाजारचा पेढा खायचो, साधनकेरीच्या तळ्याकाठी हुंदडायचो. ती मायेची ऊब आता कुठे? गेले ते दिवस!

वाचायला गोड आहे. पण रेघा बघा: जायचो, असायचा, करायची, खायचो. दहा सुट्ट्या एकाच पातेल्यात कालवल्या आहेत. कुठल्याच दिवशी काही घडलेलं नाही. सुरुवातीला अशी दोन वाक्यं हवीतच, त्याशिवाय घर आणि माणसं कळत नाहीत. पण दोन पानं उलटली तरी ‘गेलो’, ‘म्हणाली’, ‘सांडलं’ असं एकदाच घडलेलं काही येत नसेल, तर लेखात प्रसंग नाही, असं खुशाल समजावं.

इथे लेखक म्हणतो, ‘अहो, पेढा आहे, साधनकेरी आहे, एवढे तपशील दिलेत की!’ अशा नावांनी मीही बरेचदा फसतो. म्हणून एक साधी परीक्षा करतो. धारवाड खोडून सातारा लिहितो, पेढ्याला कंदी करतो, साधनकेरीच्या जागी तिथलं एखादं तळं घालतो. लेखाला काही होत नाही. म्हणजे हे तपशील गावाच्या माहितीपत्रकातले झाले, लेखकाचे नव्हेत.

मग समासात प्रश्न लिहितो. पेढे कोण आणायचं? डबा कुठे असायचा? तुमच्या वाट्याला किती यायचे? असे प्रश्न विचारले की ‘आजी कशी होती?’ या प्रश्नाला कधी येत नाही ते उत्तर येतं. समजा, लेखक सांगतो: डबा देवघरात असे. एकदा मी दोन पेढे काढून खाल्ले. संध्याकाळी आजीनं डबा उघडला आणि मला काही न विचारता भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मुलीला हाक मारली. तिच्याशी ती कन्नडात बोलली. मी शेजारीच उभा होतो, बोललो नाही.

आता हा परिच्छेद साताऱ्याला नेता येत नाही. नातवाशी मराठी आणि त्या मुलीशी कन्नड, हे घर इथलंच. शिवाय मायेची ऊब कुणासाठी होती आणि कुणासाठी नव्हती, तेही दिसलं. मला वाटतं, ‘गेले ते दिवस’ हे वाक्य पुष्कळदा असला एखादा दिवस झाकायलाच येतं.

धारवाडात जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांची आठवण इथे सांगण्यासारखी आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये शाळकरी वयात त्यांनी स्वागतगीत गायलं, समोर गांधीजी होते. एखाद्यानं इथे ‘धन्य झाले’ लिहिलं असतं. गंगूबाई मात्र सांगत असत ती धास्ती: आपली जात बघून जेवणाच्या वेळी वेगळं तर काढणार नाहीत ना? मुलीचं लक्ष पंगतीकडे होतं, आणि तेवढ्यानं तो दिवस त्यांचा स्वतःचा राहतो.

उसन्या भावनेचा आपल्याकडचा मोठा सावकार म्हणजे ‘श्यामची आई’. दोष पुस्तकाचा नाही. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई धोंड्यावर ओचे पसरते, आणि मग मन स्वच्छ ठेवण्याची गोष्ट येते. आधी ओलं लुगडं, मग शिकवण. उसनवारी करणारा शिकवण तेवढी उचलतो आणि धोंडा तिथेच ठेवतो. म्हणून ‘आई म्हणजे त्याग’ असं वाक्य दिसलं, की मी त्याच्या आधीच्या पाच ओळींत एखादी वस्तू शोधतो. सापडली नाही तर वाक्य कापायला सांगतो.

पण हे प्रश्न विचारताना जपावं लागतं. प्रसंग मागितला की काही लेखक तो रचून आणतात. आठव्या वर्षी ऐकलेलं, पन्नास वर्षांपूर्वीचं संभाषण लेखक अवतरणचिन्हांत, पूर्णविरामांसह सांगू लागला की मी थांबतो. पेढ्यांच्या लेखात त्या मुलीनं आजीला काय उत्तर दिलं, ते लेखकाला आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिहावं. तिचं नावही आठवत नसेल, तर तेही लिहावं. कुठलंसं नाव देऊन ती जागा भरू नये.