थर्माकोलची भिंत आपल्या हॉलला चालेल का?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सभासदांसमोर केलेले भाषण)



गच्चीवरच्या सभेत नव्या हॉलचा विषय निघाला. कुणीतरी मोबाईलवर थर्माकोलच्या ठोकळ्यांच्या भिंतीचा व्हिडिओ दाखवला. मागून एका आजोबांनी विचारलं, "थर्माकोलाचा घर पावसात टिकतला काय रे?" तेव्हा हशा पिकला, पण प्रश्न बरोबर होता. मी बांधकामातला माणूस, म्हणून उत्तर माझ्यावर आलं.

पहिली गोष्ट, ती भिंत थर्माकोलची नसतेच. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांचे पत्रे असतात, ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. मधल्या सहा इंचांत सळ्या बांधून काँक्रीट ओततात. साचा काढत नाहीत, तोच भिंतीला चिकटून राहतो. म्हणजे ताकद काँक्रीटची. वादळवाऱ्यात अशी भिंत विटेपेक्षा नक्कीच उजवी. पण २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडे जास्त काय गेलं? पत्रे आणि कौलं. छप्पर नीट बांधलेलं नसेल तर भिंत कितीही दणकट असून काय उपयोग?

आता खर्च. दहा फूट बाय दहा फुटांची भिंत धरा. नऊ इंची विटेची बांधली तर हजारभर विटा आणि प्लास्टर सोडून तीनेक गोणी सिमेंट. सहा इंची काँक्रीटला मात्र बारा गोणींच्या आसपास, कारण समुद्रकाठी एम-३० च्या खाली जायचं नसतं. वर सळ्या, आणि लांबून येणारे ठोकळे. त्यांनी ट्रक भरतो, वजन मात्र नसतं. भाडं जणू हवेचंच! हा खर्च वसूल होतो तो भिंतीनेच वजन पेललं, कॉलम वाचले तर. आपण कॉलम-बीम घालणारच असू, तर एकाच कामाचे पैसे दोनदा.

काँक्रीट ओततानाही सांभाळावं लागतं. एका दमात तीन-चार फुटांहून जास्त भरलं तर साचा फुगतो, फाटतो. व्हायब्रेटर नीट फिरला नाही तर आत पोकळी राहते आणि थर्माकोलमागे ती दिसत नाही. वाळवीसुद्धा त्याच्याआड गुपचूप वर चढते. म्हणून जमिनीलगत थोडा पट्टा उघडा ठेवायचा, म्हणजे तिची मातीची रेघ दिसते. आतून प्लास्टर हवंच, आगीसाठी.

राहिला गारवा. विटेच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, तिच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच इथून येते. पण खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणाऱ्या हॉलमध्ये बाहेरची दमट हवा तशीच आत येणार! एसी लावून दारं बंद असतील तर फरक पडतो. मासळीच्या बर्फाची खोली बांधायची असती, तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं.

हॉलसाठी माझं मत विटेचं. खरं तर चिऱ्याचं, तो तर आपल्या दारातला. फक्त पश्चिमेला रुंद पडवी काढा आणि वाचलेले पैसे छपरात घाला. निर्णय अर्थातच सर्वसाधारण सभेचा.