शेंगदाणा चटणी परत मागवताना

आठवडी बाजारात एक मावशी आमच्याकडे आल्या. "बायांनो, तुमची चटणी कडू लागते गं," म्हणाल्या. आम्ही लगेच गोदामातलं शेंगदाण्याचं पोतं उपसलं. तळ ओलसर होता आणि खालचे दाणे हिरवट बुरशीने माखलेले. अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला बाधतं आणि दाणे भाजूनही पुरतं जात नाही.

आमच्या वहीत प्रत्येक घाण्यापुढे पोत्याची नोंद असते. त्यावरून कळलं, की या पोत्यातून फक्त बॅच १४ झाली. पाकिटं ६०. त्यातली २२ आमच्याकडेच होती, ३८ विकली गेली होती. त्याच दिवशी विक्री थांबवली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला कळवलं.

मग सूचना लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं, "काही पाकिटांत दोष आढळला आहे, सहकार्य करावे." आमच्यातली एक म्हणाली, "हे वाचून माझ्या घरातलं पाकीट त्यातलं आहे का, ते मला कसं कळणार?" खरंच होतं. नाव खराब होईल म्हणून आम्हीच शब्द झाकत होतो. शेवटी लिहिलं ते असं:

"आमच्या गटाची शेंगदाणा चटणी, २०० ग्रॅम, बॅच १४, खाऊ नका. बॅच नंबर पाकिटाच्या मागे, पॅकिंगच्या तारखेखाली आहे. दाण्यांना बुरशी होती. बाकीच्या बॅचमध्ये हे दाणे वापरलेले नाहीत. चव घेऊन पाहू नका. गुराढोरांना, कोंबड्यांनाही घालू नका. उघडलेलं असलं तरी पाकीट दुकानात किंवा गटाच्या खोलीवर आणून द्या. पावती नसली तरी पूर्ण पैसे मिळतील. खाल्ल्यावर उलटी किंवा पोटदुखी झाली असेल, तर पाकीट घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चौकशीसाठी पाकिटावरच्या नंबरवर गटाच्या सचिवांना फोन करा."

गुरांची ओळ मुद्दाम घातली. खराब दाणा फेकायचा कशाला, म्हणून आपण म्हशीच्या आंबोणात टाकतो. पण हे विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच लेकरं पितात. दूध उकळूनही ते जात नाही.

सूचना दोन्ही दुकानांत, अंगणवाडीत आणि बाजारात लावली. वाचता न येणाऱ्यांसाठी घरोघरी जाऊन सांगितली. २६ पाकिटं परत आली. ती आणि आमच्याकडची २२, मोजून, वहीत लिहून, फोडून खोल खड्ड्यात पुरली. ५ जणींनी चटणी संपल्याचं सांगितलं. त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो.

उरली ७ पाकिटं. ती कुणाच्या फडताळात आहेत, ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून आज इथे बोलतोय. मैत्रिणींनो, आत्ता उठा, डबा उघडा आणि पाकिटाची मागची बाजू बघा. १४ आकडा दिसला, तर आम्हाला कळवा.