ऱ्हस्व, दीर्घ आणि एक टिंब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



शुद्धलेखन म्हटले की आपणांस शाळेतील वही आणि तीवरील लाल शाई आठवते. त्या सगळ्या पसाऱ्यात मी आज शिरणार नाही. ज्या चुकीने शब्द नुसता अशुद्ध न होता त्याचा अर्थच पालटतो, तेवढीच मी हाती घेणार आहे. आणि दूर कशाला जावे, आपल्या गावाच्या नावापासूनच आरंभ करू.

संस्कृतात नगराला ‘पुर’ म्हणतात. त्यातील ‘पु’ ऱ्हस्व. नदीला येतो तो ‘पूर’, त्यातील ‘पू’ दीर्घ. मग आपण ‘सोलापूर’ दीर्घ का लिहितो? आपल्याकडे तर पावसाचीच मारामार! याचे कारण असे की, मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या अलीकडची वेलांटी किंवा उकार दीर्घ लिहावयाचा असतो. फूल, सून, वकील, विहीर हे शब्द पाहा. गावाच्या नावातला ‘पूर’ही तसाच. पण प्रत्यय लागला की हा दीर्घपणा जातो. फुलाचा, सुनेला, वकिलाकडे, विहिरीत, त्याचप्रमाणे सोलापुरात. पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला, तर गावातही आपण ‘पुरात’ आणि पाण्यातही ‘पुरात’. येथे लेखन दोन अर्थ वेगळे करीत नाही, ते काम वाक्य करते. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ अवलंबून असतो असे नव्हे, हे मी आधीच कबूल करून टाकते.

परंतु संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानीत नाहीत. ‘दिन’ म्हणजे दिवस, त्याची वेलांटी अखेरपर्यंत ऱ्हस्वच. ‘दीन’ म्हणजे गरीब, बापुडा, त्याची दीर्घच. प्रत्यय लागला तरी दिनाला आणि दीनाला. मार्च महिन्यात फळ्यावर ‘महिला दीन’ असे लिहिलेले दिसते, त्याचा अर्थ ‘बाई बापुडी आहे’ एवढाच होतो. वर्गणीच्या वहीत ‘दिनासाठी जमा’ लिहिले तर ती रक्कम समारंभाची, ‘दीनांसाठी जमा’ लिहिले तर गरिबांची. वर्षअखेरीस जमाखर्च पाहणाऱ्या बाईने काय समजावे?

आता आपल्या गावचा खरा शब्द घेऊ, तो म्हणजे सूत. हातमाग असो की यंत्रमाग, सोलापुरात हा शब्द ज्या घरात नाही असे घर पूर्वभागात तरी विरळाच. हे सूत संस्कृत ‘सूत्र’ शब्दापासून झिजून झाले. म्हणजे ते मराठी झाले, म्हणून नियमाला बांधलेले. एकटे असताना सूत, प्रत्यय लागला की सुताचा भाव, सुताला पीळ. त्याच्या शेजारी संस्कृतातला ‘सुत’ उभा आहे. सुत म्हणजे मुलगा, तो नेहमी ऱ्हस्व. आणि तिसरा ‘सूत’ म्हणजे रथ हाकणारा सारथी. हाही संस्कृतच, पण नेहमी दीर्घ, प्रत्यय लागूनही सूताचा. महाभारतातील कर्णाला हिणवतात तो शब्द ‘सूतपुत्र’, सारथ्याचा मुलगा. घाईने कोणी ‘सुतपुत्र’ लिहिले तर त्याचा अर्थ मुलाचा मुलगा, म्हणजे नातू! हिणवणे गेले आणि लाडाचे नाते उरले. कर्णाच्या जन्माचे सारे दुःख त्या एका उकारात आहे.

मग चूक ओळखावी कशी? शब्दाला ‘चा’ किंवा ‘ला’ लावून पाहणे हा एक उपाय आहे, पण तो पुरा नाही. ‘सुताचा’ हे रूप धाग्याचेही आणि मुलाचेही. म्हणून शब्द मराठी झालेला आहे की संस्कृत जसाच्या तसा आहे, हे आधी ठरवावे लागते. कानावर मात्र विसंबू नये. मराठी बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक आपण नीट पाळीत नाही. ज्या भगिनींच्या घरी कानडी किंवा तेलुगू बोलतात त्यांना हे चमत्कारिक वाटते, कारण त्यांच्या भाषांत हा फरक तोंडातच असतो. कानडीत ‘बिडु’ म्हणजे सोड आणि ‘बीडु’ म्हणजे तळ, छावणी. तेथे ऐकणारा फसत नाही. अशा घरातील मूल मराठी लिहिताना कानाने ऐकलेले लिहिते आणि चुकते. त्याला रागावू नये. त्याचा कान अधिक तिखट आहे, आमचेच लेखन कानाप्रमाणे चालत नाही.

आता टिंबाकडे वळते. एक टिंब असे की जे स्पष्ट ऐकू येते. आबा आले आणि आंबा आला, यांत कोणी गोंधळत नाही. तरी लिहिताना ते राहून जाते. लग्नकार्यासाठी मोठी भांडी भाड्याने दिली, तर वहीत ‘भांडे परत केले’ आणि ‘भाडे परत केले’ यांत एका टिंबाचे अंतर आहे. पहिल्यात पातेले घरी आले, दुसऱ्यात पैसे हातचे गेले.

दुसरे टिंब ऐकू येत नाही. पूर्वी अशी टिंबे फार होती. ‘नांव’ म्हणजे ज्याने हाक मारतात ते आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा भेद लेखनात होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेली ही टिंबे गेली. होडी आणि नाम आता सारखेच लिहितात आणि त्यामुळे कोणी बुडाले नाही. पण त्याच नियमांनी एक टिंब मुद्दाम राखले. प्रत्ययापूर्वी किंवा शब्दयोगी अव्ययापूर्वी येणारे, अनेकवचनाचे.

ते का राखले ते पाहा. ‘मुलीला’ आणि ‘मुलींना’, ‘मुलीने’ आणि ‘मुलींनी’ यांत टिंब विसरले तरी प्रत्यय सावरून घेतो. पण ‘चा’, ‘त’, ‘साठी’, ‘कडे’ हे एकवचनात आणि अनेकवचनात तेच राहतात. तेथे सारा भार टिंबावर. समजा, एका आईने कागद करून ठेवला, ‘माझे दागिने मुलीसाठी ठेवले आहेत.’ तिला मुली दोन. टिंब द्यावयाचे राहिले की एकीसाठीच ठेवले होते? बोलताना हे टिंब बहुधा ऐकूच येत नसल्याने, जवळ बसून ऐकणारीलाही सांगता यायचे नाही. आई गेल्यावर विचारणार कोणाला?

टिंब असले तरी एक अडचण उरते. आदरार्थी आपण एकीलाच अनेकवचन लावतो. ‘सासूबाईंसाठी’ लिहिले तरी सासूबाई एकच. म्हणून मंडळाच्या ठरावात किंवा घरच्या कागदात जेथे पैशाचा संबंध असेल, तेथे टिंब देऊन थांबू नये. ‘माझ्या दोन्ही मुलींसाठी, समान’ किंवा ‘थोरल्या मुलीसाठी’ असे अक्षरी लिहावे आणि पुढे त्यांची नावे घालावीत.